पहिला स्लायसर कोणता? क्युरा आणि प्रुसास्लायसर

भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यांत जिग, फिक्स्चर आणि गेज यांचे काम बारमाही चालते. मोटारीचा एखादा ब्रॅकेट ड्रिलिंग मशीनवर प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा, यासाठी त्याच्या आकाराची बैठक लागते. आजवर ती ॲल्युमिनियममध्ये अथवा डेल्रिनमध्ये कोरून घेतली जात असे. आता अनेक ठिकाणी व्हीएमसीच्या शेजारी एक लहानसा थ्रीडी प्रिंटर दिसू लागला आहे आणि हलक्या कामाच्या बैठका त्यावर रात्रीतून तयार होतात. या वापराचे पुष्कळ चर्चिलेले उदाहरण युरोपातील आहे. चाकणला ज्या समूहाच्या मोटारींचे उत्पादन २००९ मध्ये सुरू झाले, त्याच फोक्सवॅगन समूहाच्या पोर्तुगालमधील पाल्मेला येथील कारखान्याने चाकाच्या संरक्षणासाठी लागणारे एक साधन अल्टिमेकर कंपनीच्या प्रिंटरवर छापून घेतले. त्याचा खर्च ८०० युरोंवरून २१ युरोंवर आल्याचे या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीत नमूद आहे.

मात्र प्रिंटर विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. संगणकावर काढलेली आकृती प्रिंटरला थेट कळत नाही. तिचे पातळ थरांत काप करून प्रत्येक थरासाठी नोझलने कोठून कोठे जावे आणि किती प्लास्टिक सोडावे, हे सांगणारा जी-कोड तयार करावा लागतो. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला स्लायसर म्हणतात. नवख्याच्या कानावर यातील दोन नावे हमखास येतात, क्युरा आणि प्रुसास्लायसर. दोन्ही विनामूल्य आहेत, दोन्ही मुक्त स्रोत आहेत. मग सुरुवात कोणत्यापासून करावी?

दोघांचे मूळ

क्युराची सुरुवात डेव्हिड ब्राम यांनी केली आणि नेदरलँड्समधील अल्टिमेकर कंपनीच्या आश्रयाने तो वाढला. ही कंपनी २०२२ मध्ये मेकरबॉटशी एकत्र आली. प्रुसास्लायसरचा वंश निराळा आहे. इटलीचे अलेस्सांद्रो रानेलुच्ची यांनी २०११ च्या सुमारास स्लायसर नावाचाच (लेखनात Slic3r) एक प्रोग्रॅम लिहिला. प्रागच्या प्रुसा रिसर्च कंपनीने त्याची स्वतःची आवृत्ती काढली आणि २०१९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

कोणाचे काप अधिक चांगले, हा वाद नवख्याने बाजूला ठेवावा. क्युराने २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीत रेषेची रुंदी गरजेनुसार कमी-अधिक करणारी पद्धत आणली. त्याच वर्षी प्रुसास्लायसरच्या २.५ आवृत्तीने ती क्युराकडूनच उचलली. मुक्त स्रोतामुळे अशी देवाणघेवाण सतत चालते. नीट लावलेल्या एकाच प्रिंटरवर दोन्ही प्रोग्रॅममधून काढलेल्या बैठका शेजारी ठेवल्या, तर त्यांतील फरक शोधावा लागतो.

मोठा फरक पडतो तो प्रोफाइलमुळे. सीएनसीवर काम केलेल्या वाचकांना हे चटकन उमजेल. कॅम प्रोग्रॅम कितीही उत्तम असला, तरी आपल्या मशीनचा पोस्ट प्रोसेसर चुकीचा असेल तर काम बिघडते. स्लायसरमधील प्रोफाइलचे स्थान तेच आहे. टेबलाची मापे, नोझलचा व्यास, तापमान, वेग, प्लास्टिक मागे ओढण्याचे अंतर या साऱ्या गोष्टी त्यात असतात. म्हणून निवडीचा पहिला नियम असा सांगता येईल, की आपल्या नेमक्या मॉडेलचे तयार प्रोफाइल ज्या स्लायसरमध्ये आहे, तो आधी उघडावा.

अनोळखी मशीन आणि जन्मखूण

क्युरामध्ये इतर कंपन्यांच्या प्रिंटरांची यादी लांबलचक आहे. त्यांतील बरीच प्रोफाइल वापरणाऱ्यांनीच लिहून दिलेली असल्याने दर्जा सारखा नाही. प्रुसास्लायसरमधील इतर कंपन्यांची यादी तुलनेने आखूड आहे. परंतु त्यात प्रिंटरसोबत थरांच्या निरनिराळ्या जाडीचे आणि निरनिराळ्या साहित्याचे संच एकत्र येतात व त्यांची अद्ययावत रूपे प्रोग्रॅम स्वतः आणतो. क्रिएलिटीच्या एंडर-३ सारखी सर्वत्र खपलेली मशीन दोन्हींत सापडतात.

अडचण येते ती स्थानिक जुळणी केलेल्या अथवा फारशा परिचित नसलेल्या मशीनची. यादीत नाव सापडत नाही, तेव्हा नवखा माणूस 'कस्टम' हा पर्याय निवडतो. इथे प्रत्येक प्रोग्रॅम आपली जन्मखूण दाखवतो. अल्टिमेकरची मशीन २.८५ मिलिमीटर जाडीचे फिलामेंट वापरतात, तर आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त प्रिंटरांना १.७५ मिलिमीटरचे लागते. क्युरामध्ये `Custom FFF printer` जोडल्यावर फिलामेंटच्या व्यासाच्या चौकटीत २.८५ हा आकडा आधीच भरलेला आढळतो. तो बदलायचा असतो, हे कोणी सांगत नाही.

यातून काय घडते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, भोसरीतील एका कार्यशाळेने जुळणी केलेला प्रिंटर घेतला, क्युरामध्ये तो कस्टम म्हणून नोंदवला आणि ब्रॅकेटची बैठक छापायला लावली. बैठक आकाराने बरोबर आली, पण भिंतींत फटी, वरचा पृष्ठभाग जाळीसारखा आणि बोटाने दाबताच थर सुटू लागले. नोझल तुंबले असावे म्हणून ते बदलले. फिलामेंट वाईट असावे म्हणून दुसरे रीळ आणले. तापमान वाढवले. दोष तसाच राहिला.

आता हिशेब करू. ४० मिलिमीटर लांब, ०.४ रुंद आणि ०.२ जाड अशी एक रेषा छापायची, तर ४० × ०.४ × ०.२ म्हणजे ३.२ घन मिलिमीटर प्लास्टिक लागते. १.७५ जाडीच्या फिलामेंटच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २.४१ चौरस मिलिमीटर असते. म्हणजे १.३३ मिलिमीटर फिलामेंट आत ढकलले पाहिजे. स्लायसरची समजूत २.८५ जाडीची असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ६.३८ होते आणि तो केवळ अर्धा मिलिमीटर ढकलायला सांगतो. जी-कोडमध्ये हा फरक असा दिसतो. पहिली ओळ बरोबर व्यासाची, दुसरी चुकीच्या व्यासाची आहे:

```
G1 X60 Y20 E1.330
G1 X60 Y20 E0.502
```

नोझलचा मार्ग तोच, पण प्लास्टिक गरजेच्या ३८ टक्केच. त्यामुळे आकार बरोबर येतो आणि पोट पोकळ राहते. यात मशीनचा काडीमात्र दोष नसतो.

हा दोष छापण्यापूर्वीच ओळखण्याची एक सोपी खूण आहे. काप झाल्यावर क्युरा किती ग्रॅम व किती मीटर फिलामेंट लागेल, हे दाखवतो. १.७५ जाडीच्या पीएलए फिलामेंटचा एक मीटर सुमारे तीन ग्रॅम भरतो. ३६ ग्रॅमच्या बैठकीसाठी १२ मीटरच्या आसपास आकडा दिसला, तर व्यास बरोबर आहे. तेथे साडेचार मीटर दिसले, तर स्लायसर जाड फिलामेंट गृहीत धरून बसला आहे. दुरुस्ती `Manage Printers` मधील `Machine Settings` येथे, एक्स्ट्रूडरच्या पानावरील `Compatible material diameter` या चौकटीत होते.

प्रुसास्लायसरमध्ये हीच चूक होणे अवघड आहे. कस्टम मशीन जोडताना तो एकेक पान पुढे करून टेबलाची मापे, नोझल आणि फिलामेंटचा व्यास, तापमान असे क्रमाने विचारतो आणि व्यास १.७५ पासूनच सुरू होतो. तथापि त्याचीही एक जन्मखूण आहे. नोझल एका जागेहून दुसरीकडे उडी मारते, तेव्हा प्लास्टिक गळू नये म्हणून फिलामेंट थोडे मागे ओढले जाते. प्रुसास्लायसरच्या कस्टम मशीनमध्ये हे अंतर मुळात दोन मिलिमीटर असते. ज्या मशीनमध्ये फिलामेंट ढकलणारी मोटर नोझलच्या डोक्यावरच बसवलेली असते, तिला ते पुरते. मोटर दूर चौकटीवर आणि मध्ये लांब नळी, अशी रचना असेल तर ते अपुरे पडते आणि भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लोंबतात. अशा मशीनला साधारण पाच मिलिमीटर लागतात.

क्युराचे मूळ गृहीतक याच्या उलट, साडेसहा मिलिमीटरचे आहे. अल्टिमेकरच्या मशीनमध्ये लांब नळी असते, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. तेच अंतर डोक्यावर मोटर असलेल्या मशीनला लावले, तर वितळलेले प्लास्टिक थंड भागात ओढले जाऊन अडकते. छापकाम सुरळीत सुरू होते, तासाभराने मोटर टकटक आवाज करू लागते आणि नोझल हवेतच फिरत राहते. तंतू दिसले तर अंतर कमी असण्याची आणि टकटक ऐकू आली तर ते जास्त असण्याची शंका प्रथम घ्यावी.

पहिला दिवस आणि पहिला महिना

सोपेपणाचा विचार करताना पहिला दिवस आणि पहिला महिना वेगळे मोजावेत. पहिल्या दिवशी क्युरा हलका वाटतो. त्याच्या `Recommended` या रूपात थराची जाडी, आतील भराव, आधार आणि तळाची पकड एवढेच चार प्रश्न असतात. `Custom` हे रूप उघडले, की सर्व मिळून ४०० हून अधिक सेटिंग पसरू शकतात. त्यात शोधाची चौकट असल्याने नाव ठाऊक असेल तर सापडते. नाव ठाऊक नसेल, तर मात्र नवखा हरवतो.

प्रुसास्लायसर पहिल्या दिवशी थोडा कोरडा वाटतो. परंतु त्याने सेटिंगची तीन कप्प्यांत विभागणी केली आहे. छापण्याची पद्धत, फिलामेंट आणि प्रिंटर. मागे ओढण्याचे अंतर प्रिंटरच्या कप्प्यात, तापमान फिलामेंटच्या, भिंतींची संख्या पद्धतीच्या. कार्यशाळेत ज्या दिवशी दुसरा प्रिंटर येतो किंवा पीएलएनंतर पीईटीजी लावले जाते, त्या दिवशी या विभागणीचे महत्त्व कळते. बदललेल्या मूल्याशेजारी उघडे कुलूप दिसते आणि बाणावर टिचकी मारली की मूळ मूल्य परत येते. दोन प्रोफाइलमधील फरक समोरासमोर दाखवणारी सोयही त्यात आहे. 'काल चालत होते, आज का बिघडले' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

फिक्स्चरच्या कामात आणखी एका गोष्टीशी गाठ पडते. छापलेली भोके आखलेल्या मापापेक्षा किंचित लहान येतात. सहा मिलिमीटरची पिन बसवायची, तर भोक दोन दशांशाने कमी भरणे अगदी सामान्य आहे. क्युरामध्ये केवळ भोके मोठी करणारे `Hole Horizontal Expansion` हे सेटिंग आहे. बाहेरचे माप तसेच राहते. प्रुसास्लायसरमधील `XY Size Compensation` बाहेरची आणि आतली कड एकदमच सरकवते, म्हणजे भोक वाढवायला गेल्यास बैठकीचे बाहेरचे माप घटते. जी बैठक बाहेरूनही एखाद्या खाचेत बसणार असेल, तिला हा फरक महागात पडतो. तेव्हा भोकाचे माप मूळ आकृतीतच वाढवावे किंवा भोक मुद्दाम लहान ठेवून नंतर रीमर फिरवावा. अचूक पिनच्या भोकासाठी रीमरचाच मार्ग खात्रीचा.

वेळेचा अंदाज आणि गुरुवार

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आणि त्या दिवशी देखभालीसाठी बंद होणारी वीज परिचयाची आहे. बुधवारी रात्री लावलेले १० तासांचे काम गुरुवारी सकाळी अर्धवट थांबले, की रीळ आणि रात्र दोन्ही वाया जातात. वीज आल्यावर काम पुढे सुरू करण्याची सोय पुष्कळ मशीनमध्ये असते. मात्र तोवर टेबल थंड होऊन भाग सुटलेला असतो. म्हणून स्लायसरने दाखवलेली वेळ किती विश्वासार्ह, हा येथे व्यवहाराचा प्रश्न आहे.

हा अंदाजही प्रोफाइलवरच अवलंबून असतो. मशीन किती झटकन वेग घेते, हे स्लायसरला ठाऊक नसेल तर तो चुकीची वेळ सांगतो. प्रुसास्लायसरमध्ये यासाठी प्रिंटरच्या कप्प्यात `Machine limits` हे स्वतंत्र पान आहे. तेथील आकडे आपल्या मशीनशी जुळले, की अंदाज चांगला येतो. क्युरामध्ये हे आकडे मशीनच्या व्याख्येत दडलेले असतात आणि कस्टम मशीनला ते सर्वसाधारणच मिळतात. कोणताही स्लायसर असो, पहिल्या तीन-चार कामांची दाखवलेली वेळ आणि घड्याळातील वेळ वहीत शेजारी लिहून ठेवावी. दाखवलेले पाच तास प्रत्यक्षात सहा होत असतील, तर बुधवारचे नियोजन त्या प्रमाणात करावे.

सल्ला कोणाचा, भाषा कोणती

अडल्यावर मदत कोठे मिळते, हाही निवडीचा भाग आहे. स्वस्त प्रिंटरांच्या वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे क्युरा वापरल्यामुळे एंडरसारख्या मशीनविषयीचा बराच सल्ला क्युराच्या परिभाषेत लिहिलेला आढळतो. क्युराला `Settings Guide` नावाची पुरवणी जोडता येते. ती प्रत्येक सेटिंगचा परिणाम चित्रांसह समजावते आणि नवख्याने पहिल्याच आठवड्यात जोडावी, इतकी ती उपयुक्त आहे. प्रुसा कंपनीने आपल्या स्लायसरची माहिती एका ठिकाणी, सलग आणि सुसंगत ठेवली आहे. मात्र तिच्यातील उदाहरणे स्वाभाविकपणे प्रुसाच्या मशीनची असतात.

गोंधळ होतो तो परिभाषेमुळे. क्युरातील `Wall Line Count` म्हणजेच प्रुसास्लायसरमधील `Perimeters`. त्याहून फसवा प्रकार म्हणजे एका मशीनसाठी दिलेला आकडा दुसऱ्या मशीनला लावणे. 'मागे ओढण्याचे अंतर सहा ठेवा' हा सल्ला लांब नळीच्या मशीनसाठी रास्त आणि डोक्यावर मोटर असलेल्या मशीनसाठी घातक असतो. सल्ला देणाऱ्याचे मशीन कोणते, फिलामेंटचा व्यास कोणता आणि स्लायसरची आवृत्ती कोणती, या तीन गोष्टी कळल्याशिवाय आकडा उतरवून घेऊ नये. एका वेळी एकच मूल्य बदलावे आणि तीच छोटी चाचणी पुन्हा छापावी.

चालू झालेले प्रोफाइल हरवू न देणे, हेही तितकेच आवश्यक आहे. सहा महिन्यांनी तीच बैठक पुन्हा मागवली जाते, तेव्हा आकडे कोणाच्याच लक्षात नसतात. दोन्ही स्लायसर तयार केलेल्या जी-कोडमध्ये आपली सेटिंग टिपणाच्या रूपात लिहून ठेवतात व त्या फाइलमधून ती परत वाचता येतात. म्हणून प्रत्येक कामाची जी-कोड फाइल ग्राहकाच्या ड्रॉइंग क्रमांकाने जपून ठेवावी.

निर्णय कसा करावा

यादीत आपल्या मशीनचे नाव केवळ क्युरामध्ये असेल, तर क्युरा घ्यावा. ते दोन्हींत असेल आणि घरी अधूनमधून एखादी वस्तू छापायची असेल, तरी क्युराने सुरुवात सुकर होते. मशीन दोन्हींत आहे, काम रोजचे आहे, साहित्य बदलते आहे आणि उद्या दुसरे मशीन येण्याची शक्यता आहे, अशा कार्यशाळेने प्रुसास्लायसर शिकावा. बांबू लॅब कंपनीचा बांबू स्टुडिओ आणि त्यातून निघालेला ऑर्कास्लायसर हे त्याच्याच शाखा असल्याने तीन कप्प्यांची ही सवय पुढेही कामी येते. मशीन कोठेच नसेल, तर प्रश्न विचारत पुढे जाणारा प्रुसास्लायसर अधिक सुरक्षित. मागे ओढण्याचे अंतर तेवढे आपल्या मशीनच्या रचनेप्रमाणे बदलून घ्यावे.

एका मर्यादेची जाणीव मात्र ठेवली पाहिजे. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेली किंवा पेंट ओव्हनजवळ लावलेली बैठक वाकते आणि कोणत्याही स्लायसरचे कोणतेही सेटिंग तिला वाचवू शकत नाही. अशा जागी साहित्य बदलावे लागते. आणि जेथे क्लॅम्पचा जोर किंवा कटरचा धक्का सहन करायचा आहे, तेथे बैठक आजही ॲल्युमिनियमचीच असावी.